माणसांच्या यादीत तेलंगदरा नाही

मुज्तबानं सवयीनं यादी खाली सरकवली, ‘जांभळी’वर टिचकी मारली आणि तो पुढच्या रकान्याकडे वळला. समोर उभ्या असलेल्या उज्वलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जांभळी कशाला टाकलं, असं तिनं विचारलं, तर तो मान वर न करता म्हणाला की तेलंगदऱ्याच्या सगळ्यांचं जांभळीच टाकतो, ताई. त्याच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. मन्याडखेडच्या बसस्टँडसमोर त्याचं सेवा केंद्र होतं, आणि तेलंगदऱ्याचा माणूस आला की काही न विचारता जांभळी टाकायचं ही तिथली रीतच होऊन बसली होती. आजवर कुणी हूं की चूं केलं नव्हतं. उलट लवकर काम झालं म्हणून माणसं त्यालाच चहा पाजून जायची.

“मी जांभळीची न्हाई,” उज्वला म्हणाली. “मी तेलंगदऱ्याची हाय. तेच टाका.”

मुज्तबानं स्क्रीन तिच्याकडे वळवली. बघा तुम्हीच, म्हणाला. राज्य निवडलं की जिल्हे उघडत होते, जिल्हा निवडला की तालुके, आणि तालुका निवडला की त्या तालुक्यातली गावं. महाराष्ट्र, नांदेड, मन्याडखेड, इथवर सगळं सुरळीत. पुढं गावांच्या यादीत तळणी होती, तांदळी होती, तुपदाळ होतं आणि त्याच्याखाली लगेच दापका. ज्या गावात ती दहा वर्षांपूर्वी लग्न होऊन आली, जिथं तिचं पोरगं जन्मलं, जिथं सकाळीच ती चूल पेटवून आली होती, ते गाव तुपदाळ आणि दापक्याच्या मधल्या भेगेत कुठंतरी गडप झालं होतं. त्या रकान्यात हातानं लिहायला जागा नव्हती. ‘इतर’ म्हणून काही नव्हतं. आणि गाव निवडल्याशिवाय अर्ज इंचभर पुढं सरकत नव्हता.

एरवी तीही जांभळी टाकून मोकळी झाली असती. राशनकार्डावर तिनं तेच केलं होतं. पण या वेळेला सगळा डाव त्या एका रकान्यावर होता. तेलंगदऱ्याच्या अंगणवाडीत सेविकेची जागा निघाली होती आणि तिची पहिली अट होती की बाई त्याच गावची रहिवासी पाहिजे. तसा तहसीलचा दाखला पाहिजे. उज्वला बारावी शिकलेली. तिचा नवरा दयानंद लातूरला डाळमिलवर कामाला होता आणि दर सणाला एकच पालुपद लावायचा की तूही लातूरला चल, खोली घेऊ. तिला मिलच्या भुशात, पत्र्याच्या खोलीत जायचं नव्हतं. बाईमाणसाला पगारी काम मिळावं अशी तेलंगदऱ्यात ही एकच जागा होती, आणि ती आयुष्यात एकदाच रिकामी होते, कारण बसलेली बाई म्हातारी होईपर्यंत उठत नाही. अर्ज द्यायची मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत होती.

तिनं हे सगळं मुज्तबाला सांगितलं. त्यालाही मग गांभीर्य कळलं. पत्त्याच्या ओळीत आपण ‘मुक्काम तेलंगदरा’ लिहू शकतो, तो म्हणाला, पण दाखल्यावर छापून येईल ते यादीतलंच गाव. म्हणजे रहिवासी, मौजे जांभळी. उज्वलाला ते पटेना. अंगणवाडीच्या कार्यालयात एक फोन लावून तिनं विचारलं, तर तिकडच्या बाईनं फटकन सांगितलं की जांभळीचा दाखला असेल तर अर्ज बाद. आणि तेलंगदऱ्याची बाई मिळालीच नाही तर पंचायतीतल्या दुसऱ्या गावची घेऊ.

पंचायत गटाची होती, जांभळी आणि तेलंगदरा मिळून. दुसरं गाव म्हणजे जांभळीच. आणि जांभळीत सरपंच गुरुबसप्पाची सून आरती बारावी पास होती, हे पंचक्रोशीत शेंबड्या पोराला ठाऊक होतं.

मुज्तबा डोकं खाजवत बसला आणि मग त्याला एक सुचलं. पंचवीसेक वर्षांमागं मन्याडखेड हा तालुका कंठाळी तालुक्यातून फुटून निघाला होता. त्यानं तालुक्याच्या रकान्यात कंठाळी निवडलं. गोल चक्र फिरलं, नवी यादी उघडली, आणि तुपदाळ नसलेल्या त्या यादीत तेलंगदरा ठणठणीत बसलेलं होतं. तालुका फुटला तेव्हा बाकीची गावं नव्या घरी आली आणि हे एक जुन्याच घरी विसरून राहिलं. कुणीतरी कुठल्यातरी खुर्चीत बसून ते विसरलं होतं, आणि त्याचा पगार काही त्या दिवशी कापला गेला नसेल.

“हेच टाका,” उज्वला म्हणाली.

मुज्तबानं आधीच सावध केलं, की जो तालुका निवडू त्याच तहसीलच्या टेबलावर अर्ज जातो. तरी तिनं टाकायला लावलं. तो म्हणाला तसंच झालं. दोन दिवसांनी कंठाळीहून अर्ज परत आला. शेरा होता की सदर गाव या तहसीलच्या कार्यक्षेत्रात येत नाही. ज्या यादीत गाव होतं त्या तालुक्याचं ते नव्हतं, आणि ज्या तालुक्याचं होतं त्या यादीत ते नव्हतं. उज्वलानं तो शेरा तीनदा वाचला आणि तशीच उठून मन्याडखेडच्या तहसीलात गेली.

तिथं सुदर्शन नावाचा कारकून ऑनलाइन दाखल्यांचं टेबल बघायचा. डोळे स्क्रीनवर, एक हात बिस्किटाच्या पुड्यात. यादी आम्ही करत नाही, वरून येते, असं त्यानं ठरलेल्या सुरात सांगितलं. वरून म्हणजे कुठून, असं तिनं विचारलं तर त्यानं बोट छताकडे केलं. छताला पंखा होता आणि तो बंद होता.

पण सातबारा तर तेलंगदऱ्याचा निघतो, उज्वला म्हणाली. सासऱ्यांची जमीन त्या वेबसाइटवर मन्याडखेड तालुका, तेलंगदरा म्हणूनच दिसते. सुदर्शननं मान डोलावली. हो, ती यादी वेगळी, ही वेगळी.

“म्हंजे जमिनीच्या यादीत गाव हाय, आन् माणसांच्या यादीत न्हाई. ढेकळं तेलंगदऱ्याची आन् माणसं कुठलीच न्हाईत?”

तिचा आवाज चढला तसा सगळा हॉल वळून बघायला लागला. सुदर्शनचा हात बिस्किटाच्या पुड्यातून बाहेर आला. मग त्यानं जे सांगितलं ते तिला जास्त झोंबलं, कारण ते खरं होतं. त्यानं तिच्यासमोर हे पोर्टल आल्यापासूनचे सगळे अर्ज शोधून दाखवले. तेलंगदऱ्याच्या नावानं एक तक्रार नाही, एक पत्र नाही. जांभळीच्या नावावर मात्र अर्जांचा ढीग, जांभळीत तेवढी घरं नसतील इतका.

“ताई, गाव सुटलंय हे कळायला कुणी तरी सांगाया पाह्यजे ना,” तो म्हणाला. “तुमचं सगळं गाव गुपचूप जांभळी टाकून राहिलं. इथून बघितलं तर तेलंगदरा नावाचं गाव लागतच न्हाई कुणाला.”

पंचायतीचं पत्र आणा, नाहीतर गावातल्या माणसांच्या सह्यांचा अर्ज आणा, मी आजच्या आज जिल्ह्याला पाठवतो, त्यांनी गावाचा कोड इकडच्या तालुक्याला जोडला की गाव यादीत दिसेल, असं त्यानं सांगितलं. त्याचं त्यात काही जात नव्हतं. बिस्किटाचा पुडा त्यानं तिच्यापुढे केला, पण ती पाठ फिरवून निघाली होती.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर माणसं बसलेली असताना उज्वला डोक्यावर पदर घेऊन तिथं जाऊन उभी राहिली. तेलंगदऱ्यात सुना पारावर जात नाहीत. तिचा सासरा शेषेराव पाराच्या कडेलाच बसला होता, आणि सरपंच गुरुबसप्पाही कसल्याशा कामानं जांभळीहून आलेला होता. तिनं सरळ विषयाला हात घातला. पत्र पाहिजे, नाहीतर सह्या पाहिजेत.

गुरुबसप्पा गोड माणूस. तो म्हणाला की ग्रामसेवक सुट्टीवर आहे, पुढच्या महिन्यात सभेत विषय घेऊ. पुढच्या महिन्यात आरती अंगणवाडीच्या खुर्चीवर बसलेली असेल हे त्यालाही कळत होतं, पारालाही कळत होतं. पण पार बोलला नाही. तिला वाटलं होतं की निदान गावच्या नावासाठी तरी कुणी उठेल. गणपतीच्या वर्गणीवरून जांभळीवाल्यांची डोकी फोडायला निघणारी हीच माणसं होती.

उठला तो शेषेराव, आणि तिच्या अंगावर आला.

“तुला कळतंय का तू काय करून राहिली ते? माझी पेन्शन जांभळीवर हाय. ह्याचं घरकुल जांभळीवर हाय. त्याची हीर जांभळीवर मंजूर झालीय. उद्या यादीत तेलंगदरा आलं, की समद्यांचे कागद खोटे पडतेत. एका नोकरीपायी गाव नासवायचं का?”

“गावच न्हाई म्हणल्यावर नासायचं काय ऱ्हायलंय, मामा?”

तो आणखी पुष्कळ बोलला. शिकलेल्या सुनेबद्दल बोलला, दयानंदच्या बायकोला लगाम नसल्याबद्दल बोलला. पार माना हलवत राहिला. उज्वलाला त्यांची भीती कळत नव्हती असं नाही. आधारच्या कॅम्पात पिनकोड टाकला की जांभळी आलं, मग तेच राशनवर, तेच पासबुकावर, तेच पोरांच्या शाळेत. प्रत्येक वेळेला एकच शहाणपण, की आता नको अडवायला, सगळीकडं सारखं असलेलं बरं. एक खोटं दुसऱ्याला जुळवत जुळवत अख्खं गाव आपल्या पायांनी चालत दुसऱ्या गावाच्या कागदात जाऊन बसलं होतं, आणि आता तिथून उठायची त्यांना भीती वाटत होती. भीती समजत होती म्हणून राग कमी होत नव्हता. उलट जास्तच येत होता.

बायकांनी सह्या केल्या. सकाळी पाण्याच्या टाकीवर साखराबाई तिला भेटली. साखराबाईच्या दोन नाती अंगणवाडीत होत्या, आणि सध्या जांभळीची सेविका जादा कामाचा भार म्हणून आठवड्यातून कधीतरी येऊन, पोरांना खिचडी वाटून, फोटो काढून निघून जायची. साखराबाईनं काही भाषण केलं नाही. घागर खाली ठेवली, अंगठा पुढं केला आणि बोलली की अजून कुणाकुणाचे पाहिजेत ते सांग. दुपारपर्यंत कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. त्यावर एकाही पुरुषाचं नाव नव्हतं.

सुदर्शननं शब्द पाळला. तो कागद स्कॅन होऊन जिल्ह्याला गेला आणि नंतर काहीच झालं नाही. उज्वला रोज मुज्तबाला फोन करायची. तो महाराष्ट्र, नांदेड, मन्याडखेड निवडायचा आणि सांगायचा की तुपदाळ, दापका. रविवार गेला. घरात शेषेराव तिच्याशी बोलत नव्हता. जेवायला बसला की तिच्या हातची भाकरी न घेता बायकोला, विठाबाईला, वाढायला सांगायचा. विठाबाई मुकाट्यानं वाढायची. ती तशी मुकीच होती. चाळीस वर्षांत नवऱ्याला उलटून बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

बुधवारी सकाळी मुज्तबाचाच फोन आला. तो म्हणाला, “ताई, आलं. तुपदाळच्या खाली, दापक्याच्या वर. निघा.”

उज्वला पहिल्या बसनं पोचली. त्यानं तिच्यासमोर एकेक रकाना उघडला आणि शेवटच्या यादीत तेलंगदऱ्यावर टिचकी मारली. अर्ज पुढं सरकला. कागद जोडले, ओटीपी आला, पावती निघाली. तिला वाटलं संपलं. दुपारी तहसीलातून अर्जावर त्रुटी निघाली. अर्जात गाव तेलंगदरा, पुराव्यांत गाव जांभळी, दोन्ही जुळत नाहीत.

ती पुन्हा सुदर्शनपुढं जाऊन उभी राहिली तेव्हा तिला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचाच संताप येत होता. आधार जांभळी, राशनकार्ड जांभळी, घरपट्टीची पावती पंचायत जांभळी. सातबारा तेवढा तेलंगदऱ्याचा, पण त्यात जमीन कुणाची ते असतं, माणूस कुठं राहतो ते नसतं. सुदर्शन म्हणाला की आता एकच मार्ग आहे. तलाठी घरी येऊन पाहणी करेल. घरमालकाचा जबाब आणि दोन पंच. ते झालं तर साहेब लगेच सही करतील. घरमालक कोण, असं त्यानं विचारलं. उज्वलानं शेषेरावाचं नाव सांगितलं.

गुरुवारी उन्हं कलल्यावर तलाठी मोटारसायकलवर आला. शेषेराव ओट्यावर बसला होता. बातमी गावभर झाली होती, त्यामुळं पार उठून अंगणात आला होता, आणि जांभळीहून गुरुबसप्पाही सहज म्हणून येऊन ठेपला होता. तलाठ्यानं पंच कोण होतंय असं विचारलं. पुरुषांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग जमिनीकडे. साखराबाई पुढं आली. तिच्या मागून शेजारची एक बाई आली. बाया चालतील का, असं कुणीतरी कुजबुजलं. चालतील, तलाठी म्हणाला, कायद्यात मिशा लिहिलेल्या नाहीत. मग तो मांडीवर कागद घेऊन शेषेरावासमोर बसला. नाव विचारलं, वय विचारलं. ही उज्वला तुमची कोण, ते विचारलं. सून, शेषेराव म्हणाला.

“तुमच्याच घरात राहते?”

“हाव.”

“आन् तुमी राहणार कुठले?”

शेषेरावानं गुरुबसप्पाकडे बघितलं. गुरुबसप्पा छान हसला. शेषेरावानं खाकरून घसा साफ केला.

“आधारवर हाय तेच लिवा,” तो म्हणाला. “जांभळी.”

तलाठ्याचं पेन कागदावर थांबलं. ज्या ओट्यावर म्हातारा बसला होता तो त्याच्या बापानं बांधला होता. समोरचा कडुलिंब त्यानं स्वतः लावला होता. मागच्या वर्षी धाकट्या भावाची राख त्यानं याच गावच्या ओढ्यात सोडली होती. आणि भर अंगणात, दिवसाढवळ्या, तो सांगत होता की मी इथला नाही. उज्वलाच्या डोळ्यांपुढं लाल झालं. तिला वाटलं ओरडावं, त्याचा हात धरून त्याला ओट्यावरून खाली ओढावं. पण तिच्या तोंडून आवाज निघाला तो एकदम थंड.

“आत्या,” ती दारातून आत म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. “जांभळीचे पाहुणे आलेत. च्या टाका. दिवस मावळायच्या आत वाटंला लावलं पाह्यजे त्यास्नी.”

अंगणात कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. शेषेरावाची मान झटक्यानं वळली. आतून स्टोव्हचा आवाज आला. म्हणजे चहा खरंच टाकला गेला होता.

विठाबाई बाहेर आली. घरात पाव्हण्यारावळ्यांसाठी फुलाफुलांची एक कपबशी फडताळात ठेवलेली असायची, ती तिच्या हातात होती. तिनं पदर कपाळापर्यंत ओढला होता, जसा परक्या पुरुषापुढं ओढतात. तिनं कपबशी नवऱ्यापुढं ठेवली आणि दोन पावलं मागं सरकून उभी राहिली.

“घ्या पाव्हणं,” ती म्हणाली. “जांभळीला समदे बरे हायेत न्हवं?”

चाळीस वर्षांतलं तिचं हे पहिलं उलट बोलणं, आणि तेही ती पाहुण्यांशी बोलायच्या रीतीनं बोलली. या वेळेला कुणी हसलं नाही. शेषेरावानं बशीकडे बघितलं. त्यानं चहाला हात लावला नाही. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. रागानं का लाजेनं ते त्यालाच कळत नसावं. गुरुबसप्पा काही बोलणार होता, तेवढ्यात म्हाताऱ्यानं हात वर केला.

“खोडा ते,” तो तलाठ्याला म्हणाला. “तेलंगदरा लिवा.”

तलाठी भला माणूस होता. त्यानं समजावून सांगितलं, की हा जबाब आहे, उद्या पेन्शनच्या कागदाशी जुळला नाही तर खेटे घालावे लागतील. घालीन, शेषेराव म्हणाला. त्यानं सही केली. सही अशी दाबून केली की कागद फाटतो की काय असं वाटलं. साखराबाईनं अंगठा उठवला, शेजारणीनं उठवला. तलाठ्यानं घराचा, ओट्याचा आणि दारात उभ्या उज्वलाचा फोटो काढला आणि तो गेला. गुरुबसप्पा त्याच्या मागोमाग निघाला, या वेळेला न हसता.

शुक्रवारी दुपारी दाखल्यावर तहसीलदारांची सही पडली. मुज्तबानं प्रिंट काढून दिली. त्यावर रहिवासी, मौजे तेलंगदरा, तालुका मन्याडखेड, असं छापलेलं होतं. कार्यालय बंद व्हायच्या आत उज्वलानं अर्ज देऊन पोच घेतली. पुढं निवडीची यादी लागली तेव्हा तेलंगदऱ्यासाठी गावच्या दाखल्याचा अर्ज तिचा एकटीचा होता. दयानंदनं लातूरहून फोन करून पेढे वाटायला सांगितलं. तिनं वाटले नाहीत. कुणाला वाटायचे, असं तिनं त्याला विचारलं.

ती कामावर रुजू व्हायच्या सकाळी शेषेराव तिच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. पारावरच्या त्या संध्याकाळपासून तो तिच्याशी चकार शब्द बोलला नव्हता. त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. पिशवीत आधार, राशनकार्ड, पासबुक, पेन्शनचा कागद, सगळं होतं. त्याची पेन्शन या महिन्यात आलेली नव्हती. त्यानं पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि भिंतीकडे बघत म्हणाला की तिची त्या मुज्तबाशी वळख आहे, तर त्याचंही तेवढं तेलंगदरा करून आणावं.

उज्वला केसांना पिन लावत होती. तिनं ती नीट लावली. मग पिशवी उचलली आणि त्याच्या हातात परत दिली.

“तलाठ्यापुढं एका शबदात गाव सोडलं होतंत की, मामा,” ती म्हणाली. “आता तुमचं तुमी लायनीत हुभं राहून परत मागा.”

ती अंगणवाडीकडे गेली. शेषेराव पिशवी घेऊन बसच्या फाट्यावर गेला, तर तिथं अर्धा पार आधीच उभा होता. प्रत्येकाच्या हातात तशीच पिशवी होती, आणि कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.